पाच ते दहा : टोके आत की बाहेर?

‘पाच ते दहा’ असे आपण म्हणतो, तेव्हा पाच त्यात धरायचे की नाही? आणि दहा? रोजच्या व्यवहारात हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर कसेही आले तरी बहुधा बिघडत नाही. ‘दवाखाना सोमवार ते शुक्रवार उघडा’ असे फलकावर लिहिले, तर सोमवारही उघडा आणि शुक्रवारही उघडा, हे सांगावे लागत नाही. ‘पाच-दहा मिनिटांत येतो’ असे कोणी म्हणाले, तर त्या पाचाला आणि दहाला काहीच अर्थ नसतो. माणूस लवकर येईल, एवढेच त्यातून समजायचे असते. पण हेच शब्द औषधाच्या तक्त्यात, लसीच्या कार्डावर किंवा आजारी बाळाचे श्वास मोजण्याच्या नियमात येतात, तेव्हा टोकावरचा आकडा आत की बाहेर, यावर उपचार बदलतो. एटापल्लीसारख्या तालुक्यात, जिथे गावापासून दवाखान्यापर्यंतची वाट लांबची आणि पावसाळ्यात नाल्यांनी अडवलेली असते, तिथे हा निर्णय पुष्कळदा घरात आई किंवा गावात आशाताई घेते. म्हणून या पाक्षिकाच्या वाचकांसमोर आज हा विषय मांडत आहे.

बाळाचे श्वास आणि पहिला वाढदिवस

लहान मुलाला खोकला आणि ताप असेल, तर ती साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे ओळखण्याची एक सोपी आणि भरवशाची खूण आहे. ती म्हणजे एका मिनिटातील श्वासांची संख्या. फुप्फुसाला सूज आली की प्रत्येक श्वासात पुरेसा प्राणवायू मिळत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी बाळ भराभर श्वास घेऊ लागते. त्यासाठी क्ष-किरण चित्र लागत नाही की स्टेथोस्कोप लागत नाही. लागते ते सेकंदकाट्याचे घड्याळ आणि शांत बसलेले बाळ.

ही खूण खेड्यातील साध्या माणसांच्या हाती देता येते, हे जगाला दाखवून देणाऱ्या प्रयोगांपैकी एक आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांना बालकांतील न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर प्रतिजैविक द्यायला शिकवले. ज्या गावांत हे काम झाले, तिथे पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू, इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी झाल्याचे त्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सुईणींपैकी अनेकींना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी याच संस्थेने मण्यांचे एक साधन तयार केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घडी होती आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा होता. आकडे न येणाऱ्या बाईलाही त्यामुळे सीमा ओलांडली की नाही, हे डोळ्यांनी दिसू लागले.

आता ती सीमा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि आपल्या शासनाच्या बालआजार उपचारपद्धतीत वयाचे तीन गट आहेत. जन्मापासून दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक असतील, तर ते जलद समजायचे. दोन महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत ही मर्यादा ५० किंवा अधिक. बारा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक.

या तीन वाक्यांत टोके दोन प्रकारची आहेत. श्वासांच्या आकड्यापुढे ‘किंवा अधिक’ असे लिहिलेले आहे. म्हणजे ५० हा आकडा आत आहे. पाचवा मणी सरकला की श्वास जलद ठरला. एक्कावन्नाव्या श्वासाची वाट पाहायची नाही. वयापुढे मात्र ‘पर्यंत’ आहे, आणि तिथे शेवटचे टोक बाहेर आहे. ‘बारा महिन्यांपर्यंत’ याचा अर्थ बारा महिने पूर्ण होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. ज्या दिवशी बारा महिने पूर्ण झाले, त्या दिवसापासून मूल पुढच्या गटात गेले. तसेच ‘पाच वर्षांपर्यंत’ म्हणजे पाचवा वाढदिवस उगवेपर्यंत. या उपचारपद्धतीच्या प्रशिक्षण-पुस्तिकेत ही गोष्ट मुद्दाम स्पष्ट केलेली आहे, कारण एरवी बारा हा आकडा दोन्ही गटांत दिसतो आणि वाचणाऱ्याची कोंडी होते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका मुलीचा जन्म मागील वर्षी २० फेब्रुवारीला झाला. यंदा २० फेब्रुवारीलाच तिला खोकला आणि ताप आहे, म्हणून आई तिला घेऊन आशाताईंकडे येते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ४४ भरतात. ताईंनी तिला ‘दोन ते बारा महिने’ या ओळीत धरले, तर मर्यादा ५० होते, ४४ त्याहून कमी ठरतात, आणि सर्दी-खोकल्याचा सल्ला देऊन मूल घरी जाते. तिला ‘बारा महिने ते पाच वर्षे’ या ओळीत धरले, तर मर्यादा ४० होते, ४४ हे जलद श्वास ठरतात, आणि तिला त्याच दिवशी न्यूमोनियाचे प्रतिजैविक सुरू होते. मूल तेच, श्वास तेच. फरक आहे तो बारा हा आकडा कुठल्या ओळीत वाचला याचा. नियमाप्रमाणे दुसरे उत्तर बरोबर आहे. आज तिचे बारा महिने पूर्ण झाले आहेत, म्हणून तिला चाळीसची मर्यादा लागू होते. हीच मुलगी आदल्या दिवशी, १९ तारखेला आली असती, तर तिला ५० ची मर्यादा लागली असती.

एका रात्रीत बाळाच्या फुप्फुसात काही बदल होत नाही, हे खरेच आहे. वय वाढते तसा श्वासांचा वेग हळूहळू उतरत जातो. पायरी आपण कामाच्या सोयीसाठी पाडलेली असते. पण एकदा पायरी पाडली, की ती नेमकी कुठे आहे हे सर्वांनी सारखेच समजले पाहिजे. नाहीतर शेजारच्या दोन गावांत एकाच मुलाला दोन वेगळे उपचार मिळतील. शिवाय जिथे शंका असेल तिथे मुलाला अधिक सुरक्षित करणाऱ्या बाजूला झुकावे, हेही लक्षात ठेवावे. श्वास मर्यादेच्या अगदी जवळ आले, तर पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजावे. दोन महिन्यांखालील बाळात तर पहिली मोजणी ६० किंवा अधिक आली, की दुसऱ्यांदा मोजणे हा नियमच आहे, कारण इतकी लहान बाळे अनियमित श्वास घेतात. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, तर त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

मोजताना होणारी एक चूक इथेच सांगतो. काही जण अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात. अर्ध्या मिनिटात २४ मोजले तर उत्तर ४८, आणि २५ मोजले तर उत्तर ५०. म्हणजे एका श्वासाची चूक दोन श्वासांची होते, आणि नेमकी सीमेवरच ती घात करते. बाळ रडत असताना किंवा दूध पीत असताना मोजलेले श्वासही उपयोगाचे नाहीत. अंगावरचा कपडा वर करून पोटाची हालचाल पाहावी, आणि घड्याळाकडे बघायला दुसऱ्या कोणाला तरी सांगावे. ‘पोट उडतंय’ हे आईचे वाक्य महत्त्वाचे आहेच, पण त्यानंतर आकडा मोजलाच पाहिजे. आणि बाळ दूध पीत नसेल, खाल्लेले सगळे ओकत असेल, झटके येत असतील, सुस्त पडले असेल किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजणीचा आकडा कितीही येवो, दवाखाना गाठावा.

‘पाचवं लागलं’ आणि ‘पाच पूर्ण’

मुलाचे वय विचारले की आपल्याकडे दोन तऱ्हेची उत्तरे मिळतात. शाळेच्या दाखल्यावर पूर्ण झालेली वर्षे असतात. घरात मात्र ‘त्याला पाचवं लागलं’ असे सांगतात, आणि पुढच्या माणसाच्या कानावर त्यातला ‘पाच’ एवढाच पडतो. पाचवे लागले याचा अर्थ चौथा वाढदिवस झाला. म्हणजे पूर्ण वर्षे चारच. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण औषधाचा तक्ता त्यांतली एकच भाषा समजतो, आणि ती पूर्ण वर्षांची आहे.

आपल्या जिल्ह्यात या फरकाची खरी परीक्षा होते ती हिवतापात. २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणातील तक्त्यात वयाचे गट असे आहेत : एक वर्षाखालील, १ ते ४, ५ ते ८, ९ ते १४ आणि १५ वर्षे व त्यापुढील. फॅल्सिपॅरम हिवतापाच्या औषधाची पाकिटेही याच गटांनुसार रंगांची केली गेली : गुलाबी, पिवळे, हिरवे, लाल आणि पांढरे. वाचता न येणाऱ्यालाही योग्य पाकीट उचलता यावे, हा त्यामागचा विचार.

तक्ता नीट पाहिला, तर एक शंका येते. १ ते ४ नंतर एकदम ५ ते ८ आहे. मग साडेचार वर्षांचे मूल कुठल्या गटात? ते चारच्या पुढे गेले आणि पाचच्या अलीकडे राहिले, म्हणजे दोन गटांमधल्या फटीत पडले, असे वाटते. प्रत्यक्षात फट नाही. हे सगळे आकडे पूर्ण झालेल्या वर्षांचे आहेत. चार वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाची पूर्ण वर्षे चारच, म्हणून ते १ ते ४ मध्येच राहते, आणि पाचव्या वाढदिवशी पुढच्या गटात जाते. म्हणजे लिहिताना ‘४’ हे टोक आत आहे, आणि त्या आकड्याच्या पोटात संपूर्ण एक वर्ष आहे.

यात चूक झाली, तर काय होते? समजा, एक मुलगा चार वर्षे दोन महिन्यांचा आहे आणि त्याचे वजन १२ किलो आहे. त्याला व्हायवॅक्स हिवताप झाला आहे. क्लोरोक्विनचे पहिल्या दिवसाचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्यासाठी १२० मिलिग्रॅम. १ ते ४ या गटात पहिल्या दिवशी १५० मिलिग्रॅमची एक गोळी सांगितली आहे. ती या मुलाला चालण्यासारखी आहे. आईने ‘पाचवं लागलं’ असे सांगितले, लिहून घेणाऱ्याने ‘५’ लिहिले, आणि मूल ५ ते ८ या गटात गेले, तर त्याला पहिल्या दिवशी दोन गोळ्या मिळतील. म्हणजे किलोमागे २५ मिलिग्रॅम, हव्या त्या प्रमाणाच्या अडीचपट. क्लोरोक्विन हे जुने आणि उपयोगी औषध आहे, पण योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांच्यातले अंतर त्यात मोठे नाही. लहान मुलांत जादा मात्रा थेट हृदयावर आघात करू शकते. गटाच्या सीमेवर मात्रा दुप्पट होत असल्यामुळे नेमकी सीमेवरचीच मुले धोक्यात असतात. गटाच्या मधले मूल, समजा अडीच वर्षांचे, सहा महिने इकडेतिकडे झाले तरी त्याच गटात राहते.

याच तक्त्यात दुसरी नाजूक सीमा एक वर्षाची आहे. पाकिटांच्या रंगांचा तक्ता ‘० ते १’ आणि ‘१ ते ४’ असा छापला गेला. त्यात १ हा आकडा दोनदा येतो. व्हायवॅक्सच्या तक्त्यात मात्र पहिला गट ‘एक वर्षापेक्षा कमी’ असा नि:संदिग्ध लिहिलेला आहे. अर्थ दोन्हींचा एकच घ्यायचा : पहिला वाढदिवस होईपर्यंत पहिला गट, वाढदिवसापासून दुसरा. हे महत्त्वाचे अशासाठी, की यकृतात दडून बसलेल्या व्हायवॅक्सच्या जंतूंवर दिले जाणारे प्रायमाक्विन एक वर्षाखालील बाळाला देत नाहीत. ‘वरीस लागलं’ असे सांगितलेले दहा महिन्यांचे बाळ दुसऱ्या गटात गेले, तर जे औषध त्याला द्यायचेच नाही, ते त्याच्या पोटात जाईल.

उलट दिशेची चूक लसीकरणात होते. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची आहे. ‘नववा महिना लागला’ म्हणजे आठच पूर्ण झाले. त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे अजून बाळाच्या रक्तात असू शकतात, आणि ती लसीचा परिणाम कमी करतात. म्हणून परिचारिका ‘पुढच्या महिन्यात आणा’ म्हणाली, तर ती टाळाटाळ करत आहे असे समजू नये. पोलिओच्या मोहिमेतील ‘० ते ५ वर्षे’ हा शब्दप्रयोगही असाच वाचायचा असतो : पाचवा वाढदिवस होण्यापूर्वीची सर्व मुले.

जन्मतारीख माहीत असेल, तर हे सोपे आहे. माता व बाल संरक्षण कार्डावर ती असते. दवाखान्यात येताना ते कार्ड आणावे. पण कार्ड हरवले असेल आणि तारीख कोणाला आठवत नसेल, तर आमच्या भागात हंगामावरून वय काढावे लागते : मूल मोहफुले वेचण्याच्या दिवसांत झाले, तेंदूपानाच्या दिवसांत झाले, की धान कापणीला झाले? इथेही टोकाची गल्लत होते. ‘या पोराने तीन मोह पाहिले’ असे आजी म्हणाली, तर त्यातला पहिला मोह जन्माचाच असतो. जन्माचा मोह, पुढचा मोह आणि त्यापुढचा मोह. मोह तीन, पण त्यांच्यामधली वर्षे दोन. मूल दोन वर्षांचे आहे, तीनचे नाही. म्हणून मी ‘जन्मानंतर किती मोह आले?’ असे विचारतो, आणि मुलाला काट्यावर उभे करतो. वजन आणि सांगितलेले वय यांचा मेळ बसत नसेल, तर मात्रा वजनावरून ठरवणे अधिक सुरक्षित असते. हिवतापाच्या गोळ्या पालकांनी स्वतः मात्रा ठरवून देऊ नयेत. पण ‘पूर्ण किती वर्षे आणि महिने’ हे न विचारता सांगणे त्यांच्या हाती आहे.

आठवडा सात दिवसांचा का?

आजीच्या तीन मोहांमागचे गणित आपल्या भाषेतच मुरलेले आहे. सात दिवसांच्या काळाला आपण आठवडा म्हणतो, आणि चौदा दिवसांनी भेटायचे असेल, तर ‘पंधरा दिवसांनी ये’ म्हणतो. एका बाजाराच्या दिवसापासून पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत मोजताना आपण दोन्ही बाजार धरतो, म्हणून आठ होतात. बांबूच्या कुंपणाला आठ खांब रोवले, तर त्यांच्यामध्ये मोकळ्या जागा सातच असतात. दिवस मोजताना कोणी खांब मोजतो, कोणी जागा. दोघेही बरोबर असतात, पण एकाने सांगितले आणि दुसऱ्याने ऐकले, की एका दिवसाचा फरक पडतो.

व्हायवॅक्स हिवतापातील प्रायमाक्विन चौदा दिवस रोज घ्यायचे असते. समजा, पहिली मात्रा सोमवारी, ३ तारखेला घेतली. तो दिवस पहिला. मग चौदावा दिवस कोणता? पुष्कळ जण ३ मध्ये १४ मिळवून १७ तारीख सांगतात. ती चूक आहे, कारण ३ तारीख आधीच मोजलेली आहे. शेवटची मात्रा रविवारी, १६ तारखेला येते, आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवायला या’ म्हणजे सोमवार, १७ तारीख. रुग्णाला ‘सतरापर्यंत गोळ्या’ असे सांगितले आणि गोळ्या चौदा दिवसांच्याच दिल्या, तर दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर शेवटच्या दिवशी गोळ्या संपलेल्या पाहून तो गोंधळतो, किंवा सतरापर्यंत पुरवण्यासाठी मध्येच एक दिवस सोडतो. यकृतात दडलेले जंतू पूर्ण मात्रेनेच संपतात. मात्रा अपुरी राहिली, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डास न चावताही ताप परत येतो. त्यामुळे कागदावर ‘१४ दिवस’ एवढेच न लिहिता ‘३ तारखेपासून १६ तारखेपर्यंत, दोन्ही दिवस धरून’ असे लिहून मागावे. या औषधाने काहींच्या, विशेषतः जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फुटतात. लघवी गडद, काळ्या चहासारखी होऊ लागली किंवा डोळे पिवळे दिसले, तर चौदावा दिवस येण्याची वाट न पाहता औषध थांबवून दवाखान्यात यावे.

कुत्रा चावल्यावरच्या लसीत मात्र मोजणीची तऱ्हा वेगळी आहे, आणि एकाच घरात दोन्ही उपचार चालू असतील, तर घोटाळा होतो. दंडात द्यावयाच्या इंजेक्शनाचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८ असे लिहिलेले असतात. इथे पहिल्या इंजेक्शनाचा दिवस हा शून्यावा आहे, पहिला नव्हे. चावल्याचा दिवसही शून्यावा नव्हे. कुत्रा शनिवारी चावला आणि पहिले इंजेक्शन सोमवारी मिळाले, तर शून्य सोमवारी. त्याचा अर्थ असा नाही की सोमवारपर्यंत थांबावे. जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि पहिले इंजेक्शन शक्य तितक्या लवकर घ्यावे. सोमवार शून्य धरला, तर तिसरा दिवस गुरुवार, सातवा पुढचा सोमवार, चौदावा त्यापुढचा सोमवार आणि अठ्ठाविसावा पहिल्या इंजेक्शनानंतर चार आठवड्यांनी येणारा सोमवार. हिवतापाच्या सवयीने सोमवार ‘पहिला’ धरला, तर ‘तिसरा’ म्हणून माणूस बुधवारीच येतो. हिवतापाच्या तक्त्यात दिवस म्हणजे गोळी घेण्याचे दिवस मोजलेले आहेत, म्हणजे खांब. कुत्र्याच्या लसीत पहिल्या इंजेक्शनानंतर उलटलेले दिवस मोजलेले आहेत, म्हणजे मोकळ्या जागा. तक्त्यात शून्य दिसला, की जागा मोजायच्या हे ओळखावे.

काय विचारावे

आता या सगळ्यांत समान काय आहे ते पाहू. दिवस, गोळ्या आणि श्वास या सुट्या मोजायच्या गोष्टी आहेत. त्यांच्या बाबतीत ‘सोमवार ते शुक्रवार’ किंवा ‘१ ते १४’ म्हटले, की दोन्ही टोके आत असतात. वय मात्र सतत वाहणारे आहे. तिथे ‘१ ते ४ वर्षे’ म्हणजे पूर्ण झालेली वर्षे, आणि ‘बारा महिन्यांपर्यंत’ म्हणजे बारा पूर्ण होईपर्यंत. पुढच्या गटाचा पहिला आकडा हाच मागच्या गटाचा शेवटचा आकडा असेल, तर तो पुढच्या गटाचा समजावा.

म्हणून दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून निघण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. मुलाचे वय पूर्ण वर्षे आणि महिन्यांत, शेजारी आजचे वजन. औषधाची पहिली मात्रा घेण्याची आणि शेवटची मात्रा घेण्याची तारीख, वारासह. आणि पुन्हा दाखवायला येण्याची तारीख, तीही वारासह. ‘आठ दिवसांनी’, ‘पंधरा दिवसांनी’ हे शब्द बोलण्यात राहू द्यावेत. कागदावर मात्र तारीख असावी. तारीख आणि वार जुळत नसतील, तर मोजण्यात कुठेतरी एक टोक सुटले किंवा दोनदा धरले गेले आहे, हे तिथल्या तिथे कळते, आणि औषध सुरू होण्यापूर्वीच ते दुरुस्त करता येते.